पाडव्याची ऑफर: सूट किती ते नको, घडणावळ किती ते छापा

प्रश्न: "कराडला आमची तीन पिढ्यांची सराफी पेढी आहे. शेजारी मोठ्या साखळीचं दुकान आलंय आणि पाडव्यासाठी त्यांचे 'मजुरीवर ५०% सूट' असे फ्लेक्स लागलेत. बाबा म्हणतात आपल्याकडे कधी सेल लावला नाही, लावायचाही नाही. मला ऑफर करायची आहे, पण पाडव्याचं पाडवेपण राखून आणि मजुरी लपवाछपवी न करता. जाहिरात कशी लिहावी? मजुरी सरळ छापली तर गिऱ्हाईक बिचकेल का?"

उत्तर:

मी सराफांच्या जाहिराती आणि दुकानातली दरपत्रकं करतो, त्यामुळे पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी पाडवा या चार दिवसांभोवतीच माझं वर्ष फिरतं. शेजारच्या ५०% ला आपण किती टक्क्यांनी उत्तर द्यायचं, या विचारात पडू नका. त्या फ्लेक्सवर सुटीचा आकडा आहे, पण ती सूट कशातून वजा होते तो आकडा नाही. गिऱ्हाईक गोंधळतं ते तिथे. तुम्हीही २०% किंवा ३०% लिहिलंत तर गिऱ्हाइकाच्या हाती दोन टक्के येतील, पण तुलना करायला काहीच येणार नाही. आणि तुलना करता येत नसेल तेव्हा माणूस मोठा आकडा बघतो.

म्हणून जाहिरातीचा मजकूर बाजूला ठेवा आणि आधी हिशोब करा. ओळखीच्या कुणाला तरी शेजारी पाठवून एका ठरावीक दागिन्याचा लेखी अंदाज मागवा. ठुशी घ्या, कारण ती तुमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. निव्वळ सोनं २० ग्रॅम. हिशोब सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरतो. खरा भाव आणि खरे दर तुम्ही घाला, इथले आकडे फक्त रीत दाखवायला आहेत.

समजा त्यांचा अंदाज असा आला. सोनं २,००,००० रुपये. मजुरी, म्हणजेच घडणावळ, २४%, म्हणजे ४८,०००, त्यावर ५०% सूट, राहिले २४,०००. त्याखाली बारीक अक्षरात घट, म्हणजे घडवताना वाया जाणाऱ्या सोन्याचे पैसे, ३%, म्हणजे ६,०००. बेरीज २,३०,०००. त्यावर ३% जीएसटी ६,९००. एकूण २,३६,९००. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर दोन्ही दुकानांत सारखाच, तो इथे सोडून देतो.

आता घट आणि मजुरी एकत्र करून बघा. सोनं सोडून ३०,००० रुपये गेले, म्हणजे ग्रॅमला १,५०० रुपये. '५०% सूट' या चार अक्षरांच्या आतला खरा आकडा हा आहे. तुमच्या पेढीत ठुशीला घट न लावता ग्रॅमला १,३०० घेत असाल, तर तुमचं बिल २,२६,००० आणि ६,७८० कर, एकूण २,३२,७८० होतं. एका पैशाची सूट न देता तुम्ही ४,१२० रुपयांनी स्वस्त आहात, आणि ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नाही.

उलटही निघू शकतं, हे आधीच सांगून ठेवतो. साखळी दुकानं मशीनच्या चेन, कास्टिंगच्या अंगठ्या, वजनाला हलकी कानातली ढिगाने घेतात, तिथे त्यांची मजुरी खरोखर कमी असते आणि तुम्ही त्या मालात पुरे पडणार नाही. हातकामाच्या मालात, म्हणजे ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, पुतळीहार, तोडे, यांत मात्र जुन्या पेढीची कारागिराशी थेट ओळख असते आणि तिथे आकडा तुमच्या बाजूने असण्याची शक्यता जास्त. अंदाज पाच-सहा दागिन्यांचे मागवा. जिथे तुम्ही महाग आहात तो माल ऑफरमध्ये घेऊ नका. त्यासाठी लाज वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आता तुमच्या स्वतःच्या आकड्याकडे येऊ. जुन्या पेढ्यांची ऑफर नेमकी इथेच खोटी ठरते, तेही कुणाचा खोटेपणा करायचा विचार नसताना. तुमच्याकडे एखादं दरपत्रक असेल, त्यावर ठुशीची मजुरी १,६०० लिहिलेली असेल. पण प्रत्यक्षात कुणाकडून १,६०० घेतले जातात? नवखं गिऱ्हाईक घासाघीस करून १,४०० वर येतं, वर्षानुवर्षांच्या घराला बाबा न मागता १,२०० लावतात, लग्नाची मोठी खरेदी असेल तर आणखी खाली. मग जाहिरातीत 'एरवी १,६००, पाडव्याला १,२००' असं छापलंत, तर कागदावर २५% सूट दिसते आणि तुमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाला काहीच मिळत नाही. ते गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारणार, "आम्हाला तर नेहमीच हा दर होता, मग सूट कसली?" या प्रश्नाला काउंटरवर उत्तर नसतं.

यासाठी संक्रांतीपासून आजपर्यंतची बिलं काढा. ठुशीची सगळी बिलं एका बाजूला, पाटल्यांची दुसऱ्या बाजूला. प्रत्येक बिलावरची मजुरी अधिक घट वजनाने भागा आणि आकडे चढत्या क्रमाने मांडा. मधोमध जो येतो तो तुमचा नेहमीचा दर. दरपत्रक काहीही म्हणो, 'एरवी' या शब्दापुढे हाच आकडा लिहायचा. आपल्या उदाहरणात तो १,३०० धरू. ही बिलं जपून ठेवा, कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली फसव्या जाहिरातीला पहिल्या खेपेस १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कुणी विचारलं तर 'एरवी १,३००' ला पुरावा म्हणजे तीच बिलं.

समजा तुम्ही १,३०० वरून १,१५० वर यायचं ठरवलंत. २० ग्रॅमच्या ठुशीवर मजुरीतले ३,००० आणि त्यावरचा कर ९०, असे ३,०९० रुपये गिऱ्हाइकाचे वाचतात. मजुरीच्या मानाने ही साडेअकरा टक्के सूट झाली, पण पूर्ण बिलाच्या मानाने जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास. बहुतेक सराफ इथे थबकतात आणि टक्का मोठा दिसावा म्हणून मूळ दर फुगवतात. त्यापेक्षा टक्का लिहूच नका. 'ठुशी, घडणावळ ग्रॅमला १,१५० रुपये, घट नाही' एवढं लिहिलंत की घरात बसलेली बाई ते वाक्य शेजारच्या दुकानात जसंच्या तसं विचारू शकते: "तुमची घट धरून ग्रॅमला किती पडते?" तुमची जाहिरात मग त्यांच्या काउंटरवर जाऊन काम करते.

टक्क्यात लिहायचं की ग्रॅमला रुपयांत, हे मात्र तुमच्या कारागिरावर अवलंबून आहे. रुपयांत लिहिलेला दर गिऱ्हाइकाला कळतो आणि भाव हलला तरी स्थिर राहतो. टक्क्यात लिहिला तर सोनं ग्रॅमला १०,००० चं ११,००० झाल्यावर मजुरीही आपोआप दहा टक्क्यांनी वाढते, कारागिराने एक मणी जास्त ओवला नसला तरी. गिऱ्हाइकाला हे खटकतं, आणि बरोबर खटकतं. पण बरेच कारागीर आपली मजुरी सोन्यातच घेतात, म्हणजे शंभर ग्रॅमच्या कामामागे अमुक ग्रॅम. तुमचं तसं असेल तर सोनं चढलं की तुमचा खर्चही खरोखर चढतो, आणि रुपयांतला दर दोन महिन्यांसाठी बांधून घेतलात तर मार बसेल. चार दिवसांच्या ऑफरसाठी मी तरीही रुपयेच लिहायला लावतो. चार दिवसांत भाव किती हलेल त्याची जोखीम दुकानाने घ्यावी. वर्षभराच्या दरपत्रकाचा निर्णय कारागिराशी बोलून वेगळा करा.

हलक्या दागिन्यांना दर ग्रॅमचा हिशोब लागू पडत नाही, हेही छापावं लागतं. दीड ग्रॅमच्या बुगडीला किंवा नथीला ग्रॅममागे १,१५० लावून कारागिराचं भागत नाही, म्हणून सगळेच नगावर मजुरी घेतात. अडचण अशी की जाहिरातीत ग्रॅमचा दर वाचून आलेलं गिऱ्हाईक छोटीशी नथ घेतं आणि बिलावर वेगळाच आकडा बघतं. पाडव्याच्या दिवशी काउंटरवर जे वाद होतात त्यांतले बरेचसे मोठ्या हारांवरून होत नाहीत, या दोन-तीन ग्रॅमच्या वस्तूंवरून होतात. 'तीन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना घडणावळ नगावर' हे वाक्य मुख्य मजकुरात, त्याच आकाराच्या अक्षरांत हवं. नथीत मोती असतात, तन्मणीतही असतात, तेव्हा खड्यामोत्यांचं वजन सोन्यात धरत नाही हेही एकदा लिहून टाका. तुम्ही धरत नसालच, पण न धरणाऱ्याने ते बोलून दाखवलं पाहिजे.

आता पाडवेपणाबद्दल. सेल लावायचा नाही हे बाबांचं म्हणणं मला पटतं, पण पाडव्याला गिऱ्हाईक काय घेतं ते बघितलं की त्यातून ऑफर आपोआप सुचते. लग्नसराईची मोठी खरेदी या दिवशी होते खरी, पण त्या दिवशी दुकानात शिरणाऱ्या माणसांपैकी कितीतरी जण मुहूर्ताचं सोनं घ्यायला आलेले असतात: एक ग्रॅमचं वेढणं, म्हणजे शुद्ध सोन्याचं साधं वळं, फार तर दोन ग्रॅमचं. निवृत्त शिक्षक, ऊसबिल हाती आलेलं शेतकरी कुटुंब, पहिला पगार झालेली मुलगी. या लोकांना 'मजुरीवर ५०%' चा काही उपयोग नाही, कारण वेढण्याला मजुरी असते ती नाममात्र. आणि जाहिरात मात्र सगळी हारांची.

तुमच्यासारख्या पेढीने इथे जागा धरावी असं मला वाटतं. वेढण्याची घडणावळ नगाला किती ते रुपयांत छापा. शुद्धता छापा, कारण वेढणं २४ कॅरेटचं आणि त्याचा भाव फळ्यावर वेगळा असतो, तो २२ कॅरेटच्या शेजारी बघून लोक चपापतात. परत घेताना किती देणार तेही लिहा. घट न कापता त्या दिवशीच्या भावाने घेत असाल तर तसं लिहा, काही कापत असाल तर किती ते लिहा. 'वेढण्यावर मजुरी मोफत' असं मात्र लिहू नका, जर ती भावात थोडीशी घुसवलेली असेल तर. २०२२ च्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत 'मोफत' शब्दाचं वेगळं कलम आहे. गिऱ्हाइकाला ज्याचे पैसे कुठूनतरी मोजावे लागतात ते मोफत म्हणता येत नाही. नगाला १५० रुपये घेता, तर १५० लिहा. त्यात कुणी बिचकत नाही.

आणि वेढण्याचा काउंटर वेगळा ठेवा. पाच मिनिटांच्या खरेदीसाठी आलेल्या आजोबांना तोडे बघणाऱ्या वऱ्हाडामागे तासभर बसवणं, यासारखी वाईट ऑफर नाही.

मुहूर्ताच्या नावाने घाई लावणं हा दुसरा प्रकार. 'शुभ मुहूर्त फक्त सकाळी ११.४० पर्यंत, त्वरा करा' अशा जाहिराती दरवर्षी दिसतात. चैत्र शुद्ध प्रतिपदा साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे याचा अर्थच असा की त्या दिवशी वेगळी वेळ बघावी लागत नाही, अख्खा दिवस चांगला. पंचांग वाचणारं घर ती जाहिरात बघून हसतं आणि तुमच्या दुकानात पंचांग कुणाला कळत नाही असं समजतं. घाई लावायचीच असेल तर ऑफरची खरी शेवटची तारीख लिहा आणि ती पाळा. १९ मार्चचा पाडवा यंदा गुरुवारी आहे, रविवार २२ मार्चपर्यंत ऑफर ठेवलीत तर नोकरदारांचीही सोय होते. सोमवारी 'लोकाग्रहास्तव मुदतवाढ' लावलीत की पुढच्या वर्षी तुमच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

चित्रं बघताना मात्र मी फार कटकट करतो. फ्लेक्स छापायला देण्याआधी दुकानातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला दाखवा. गुढीवरचा गडू पालथा आहे ना? तयार चित्रांच्या साठ्यातून घेतलेल्या गुढीवर कलश सरळ बसवून वर नारळ ठेवलेला मी बघितला आहे. कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी आहे ना? दुसरी चूक जास्त फसवी. डिझायनर मजकुराला जागा करायला बाईचा फोटो आरशासारखा उलटा करतो. मग नथ डाव्या नाकपुडीतून उजवीकडे जाते आणि पदरही उजव्या खांद्यावर. डिझायनरला ते दिसत नाही, पण नथ घालणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या क्षणी दिसतं, आणि तुम्ही तिला नथच विकायला बसलेले आहात. फोटोत दाक्षिणात्य देवळी घाटाचे दागिने आहेत का तेही बघा. साखळी दुकानांच्या जाहिराती अनेकदा उगादीच्या असतात, फक्त मजकूर बदललेला. तुम्ही तुमच्या कपाटातली खरी ठुशी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात तिचा फोटो काढा, आणि त्याखाली तिचंच वजन लिहा. जाता जाता एक सांगतो: नव्या शकाच्या, १९४८ च्या, संवत्सराचं नाव 'पराभव' आहे. मजकूर पंचांगी दिसावा म्हणून संवत्सराचं नाव फ्लेक्सवर टाकायची हौस यंदा आवरलेली बरी. 'शके १९४८' पुरे.

जाहिरातीच्या तळाशी इंग्रजीत 'अटी लागू' अशी मुंगीच्या पावलांएवढी ओळ टाकायची सवय सर्वांनाच आहे. त्याच २०२२ च्या सूचनांप्रमाणे दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खुलासाही हवा आणि अक्षरही तेच हवं. मुख्य दाव्याच्या उलट जाणारं काही खुलाशात टाकता येत नाही. म्हणजे वर '५०% सूट' आणि खाली 'पर्यंत, निवडक दागिन्यांवर, घट वेगळी' हे चालत नाही. कायद्याचं सोडा, पण या नियमाचा एक फायदा मला नेहमी होतो. अट मोठ्या अक्षरात लिहायची म्हटलं की मालक स्वतःच म्हणतो, "मग ती अटच काढून टाकू."

हे सगळं धरून तुमचा मजकूर मी साधारण असा लिहीन. आकडे तुमचे बिलं काढून आलेले असतील असं समजतो.

"गुढीपाडवा, शके १९४८.
ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ: घडणावळ ग्रॅमला १,१५० रुपये. एरवी १,३०० रुपये.
साध्या पाटल्या आणि बांगड्या: ग्रॅमला ६०० रुपये. एरवी ७०० रुपये.
मुहूर्ताचं वेढणं, २४ कॅरेट, १, २ आणि ५ ग्रॅम: घडणावळ नगाला १५० रुपये, एरवीसारखीच.
तीन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना घडणावळ नगावर.
घट लावत नाही. खड्यामोत्यांचं वजन सोन्यात धरत नाही.
सोन्याचा भाव त्या दिवशीचा, दुकानातल्या फळ्यावरचा. ३% जीएसटी आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा.
गुरुवार १९ ते रविवार २२ मार्च."

वेढण्यापुढचं 'एरवीसारखीच' मुद्दाम ठेवलं आहे. जिथे सूट नाही तिथे नाही म्हटलं की बाकीच्या दोन ओळींवर विश्वास बसतो. फळ्यावरचा भाव मात्र खरोखर तुमच्या शहराच्या सराफ संघटनेच्या भावाशी जुळता ठेवा. मजुरीत १५० सोडायचे आणि भावात ग्रॅमला शंभर वाढवायचे, हे फोन हातात असलेल्या गिऱ्हाइकाला काउंटरवर उभ्या उभ्या कळतं.

फ्लेक्सपेक्षा जास्त काम करते ती चिठ्ठी. दागिना आवडला की बिल करण्याआधी एका छापील कागदावर हाताने लिहून द्या: निव्वळ वजन, भाव, घडणावळ, हॉलमार्क, कर, एकूण. गिऱ्हाईक तो कागद घेऊन बाहेर गेलं तरी जाऊ द्या. शेजारून परत येतं तेव्हा हातात दोन कागद असतात आणि बोलणं सोपं होतं. पक्क्या बिलावर दागिन्याचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च हे वेगवेगळं दाखवणं भारतीय मानक ब्यूरोच्या नियमाने लागतंच. घडणावळही त्याच ओळीत वेगळी येऊ द्या. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी या सहा अक्षरांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, तो नंबर गिऱ्हाइकासमोर त्यांच्याच फोनवर ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून दाखवा. गर्दीत याला वेळ लागतो, म्हणून पाडव्यापुरता एक मुलगा फक्त यासाठी बसवा.

बाबांची एक शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच: छापलेली मजुरी कायमची होऊन बसते. होते, हे खरं आहे. पाडव्यानंतर अक्षय्य तृतीयेला महिनाभरात लोक तोच कागद घेऊन येतात. म्हणून 'एरवी' चा दर असा हवा की तो छापील राहिला तरी पेढीचं भागेल, आणि पाडव्याचा दर असा की चार दिवसांत कितीही ठुश्या गेल्या तरी अंगावर येणार नाही. दुसरी शंका घासाघिशीची. छापील दर लावल्यावरही जुनी घरं "आमचं काहीतरी बघा" म्हणणार. त्यांना छापील दराच्या खाली गेलात तर जाहिरात खोटी पडते, न गेलात तर माणसं दुखावतात. मी पेढ्यांना सांगतो की मजुरी हलवू नका, पण जुन्या घरासाठी दुसरं काही हातात ठेवा: गेल्या वर्षीच्या दागिन्याचं पॉलिश, सुटलेल्या मण्याची दुरुस्ती, मंगळसूत्र नव्याने गाठून देणं. हे बिलावर येत नाही आणि बाबांच्या हातून दिलं गेलं तर त्याची किंमत मजुरीतल्या पन्नास रुपयांपेक्षा जास्त वाटते.

बिचकण्याचं म्हणाल तर काही गिऱ्हाईक बिचकेल. ज्यांना मजुरी असते हेच कधी कुणी सांगितलेलं नाही, ते १,१५० बघून दचकतात. अशांसाठी फ्लेक्सवर नव्हे, तर काउंटरवर २० ग्रॅमच्या ठुशीचं पूर्ण बिल नमुना म्हणून लावून ठेवा, वर केलं तसं. पुण्या-मुंबईत चार दुकानं फिरून घेणारं गिऱ्हाईक असतं, तिथे असा कागद लगेच चालतो. तुमच्याकडे आसपासच्या गावांतून येणारी घरं जास्त, ती एकाच पेढीवर येतात आणि आकड्यापेक्षा माणसाला ओळखतात. त्यामुळे पहिल्या पाडव्याला फार मोठा फरक दिसला नाही तर नवल वाटून घेऊ नका. फरक बघायचा असेल तर विक्रीचा एकूण आकडा बघू नका, कारण तो सोन्याच्या भावाने वरखाली होतो. चार दिवसांत किती चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यांतल्या किती परत येऊन बिल झाल्या, एवढं एका वहीत टिपा. चिठ्ठ्या भरपूर आणि परतणारे कमी असतील तर तुमचा दर खरंच जास्त आहे, आणि अक्षय्य तृतीयेच्या आत कारागिराशी बोलावं लागेल. चिठ्ठ्याच कमी असतील तर दर ठीक असू शकतो, पण फ्लेक्स चुकीच्या रस्त्यावर लागलाय.